मार्च एंडमध्ये अडकलेल्या नोकरीचा पाठपुरावा: कधी विचारायचं, कुणाला आणि काय

मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात मुलाखत झाली, ती चांगली झाली, "पुढच्या आठवड्यात कळवतो" असं सांगितलं गेलं आणि नंतर काहीच कळलं नाही. सोलापुरात दर वर्षी कितीतरी मुलामुलींचं असं होतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, चिंचोळीत, शहरातल्या शोरूममध्ये आणि सीएच्या ऑफिसातही. घरचे रोज विचारतात, "फोन आला का?" मग कुणी रोज फोन लावत बसतं, तर कुणी "घ्यायचं असतं तर बोलावलं असतं" म्हणून गप्प राहतं. दोन्हींमुळे हाताशी आलेली जागा जाऊ शकते.

कारखान्यांत भरतीचं काम मी बरीच वर्षं पाहत आलो आहे. त्यावरून एक गोष्ट ठामपणे सांगतो. मार्च एंडच्या दिवसांत उत्तर आलं नाही, तर बहुतेक वेळा तुमच्याबद्दल निर्णय झालेलाच नसतो. ज्याची सही लागते तो माणूस दुसऱ्याच कामात बुडालेला असतो. म्हणून पाठपुरावा करताना आपल्याला किती दिवस झाले हे मोजण्यापेक्षा त्या माणसाचं टेबल कधी मोकळं होणार ते बघायचं.

आधी समजून घ्या, फाइल कुठे अडकते

उदाहरण म्हणून टॉवेल निर्यात करणारा एक मध्यम कारखाना घेऊ. त्यात अकाउंट्स असिस्टंटची जागा आहे. मुलाखत अकाउंट्स मॅनेजरने घेतली, एचआरच्या मॅडमनी कागद पाहिले, आणि शेवटची सही मालकांची.

आता या तिघांचा मार्च बघा. १५ मार्चला आगाऊ आयकराचा शेवटचा हप्ता असतो. त्यानंतर ३१ तारखेपर्यंत जेवढा माल निघेल तेवढा काढून बिलं या वर्षात घ्यायची घाई. येणी वसूल करायची, पार्ट्यांची खाती जुळवायची, राहिलेली खर्चाची बिलं मागवायची. ३१ मार्चला साठ्याची मोजणी: सूत, रंग-रसायनं, तयार टॉवेल आणि लूमवर चढलेला अर्धवट माल, सगळं मोजून लिहायचं. १ एप्रिलला बँका वार्षिक हिशोबासाठी ग्राहकांना बंद असतात, पण कारखान्याचं अकाउंट्स खातं त्या दिवशीही कामातच असतं.

एप्रिल लागला की सुटका झाली असं बाहेरून वाटतं. तसं नसतं. दर महिन्याला जीएसटीचं विवरणपत्र भरणाऱ्या कारखान्याला मार्चच्या विक्रीचं जीएसटीआर-१ हे ११ एप्रिलपर्यंत भरायचं असतं. पीएफ आणि ईएसआयचा भरणा १५ तारखेपर्यंत, जीएसटीआर-३बी २० तारखेपर्यंत, आणि मार्चमध्ये कापलेला टीडीएस ३० एप्रिलपर्यंत. त्यात एचआरकडे पगारवाढीच्या याद्या असतात, आणि मालकांना नव्या वर्षाचा खर्च ठरवायचा असतो. तुमची जागा या शेवटच्या गोष्टीत अडकलेली असते.

इथे एक फरक फार महत्त्वाचा आहे. जागा जुना माणूस सोडून गेल्यामुळे रिकामी झाली आहे, की नव्याने निर्माण होणार आहे? जुन्या माणसाची जागा असेल तर तिचा पगार आधीपासूनच खर्चात धरलेला असतो. ती भरायची घाईही असते, कारण त्याचं काम कुणीतरी अंगावर घेऊन करत असतं. अशी जागा मार्चमध्येसुद्धा भरली जाते, आणि अडली तरी एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात हलते. नवी जागा असेल तर ती नव्या वर्षाच्या बजेटला चिकटलेली असते. मॅनेजरला तुम्ही कितीही आवडलात तरी मालक "एप्रिलमध्ये बघू" म्हणतात, आणि तो एप्रिल सहज मेपर्यंत लांबतो. आपली जागा कोणत्या प्रकारची आहे हे माहीत नसेल, तर गप्पपणाचा अर्थ लावणंच शक्य नाही.

मुलाखतीच्या खोलीतून बाहेर पडण्याआधी

"तुम्हाला काही विचारायचंय का?" असं विचारलं की बरेच जण मान हलवून उठतात. मार्चमध्ये तर ही संधी अजिबात सोडू नका. साध्या भाषेत एवढं विचारा: "सर, ही जागा नवी आहे की कुणाच्या जागेवर? क्लोजिंगमुळे निर्णय एप्रिलमध्ये जाईल का? आणि चौकशी करायची झाली तर तुम्हाला करू की एचआरला, फोन की व्हॉट्सअ‍ॅप?"

हे विचारणं आगाऊपणाचं वाटत नाही. क्लोजिंग म्हणजे काय हे या उमेदवाराला कळतं, एवढंच समोरच्याला दिसतं. अकाउंट्सच्या जागेसाठी तर हा गुणच आहे. आणि "फोन करा, मेसेज नको" किंवा "मॅडमशी बोला" असं उत्तर मिळालं तर ते तंतोतंत पाळा. मॅडमना सोडून थेट मालकांना फोन लावणाऱ्याची आठवण राहते, पण चांगली राहत नाही.

कारखान्याची साप्ताहिक सुटी कोणत्या वारी हेही विचारून ठेवा. ती रविवारचीच असेल असं धरू नका.

एक प्रकरण, तारखांसह

२०२६ चं कॅलेंडर घेऊ. बी.कॉम. झालेली, टॅली आणि जीएसटीची कामं येणारी एक मुलगी एका सीएकडे दोन वर्षं काम करते आहे. १७ मार्चला, मंगळवारी, तिची वरच्या कारखान्यात मुलाखत झाली. जागा जुन्या माणसाची. "पुढच्या आठवड्यात कळवतो" असं मॅनेजर म्हणाले. १९ तारखेला पाडवा.

पहिला मेसेज १८ तारखेला सकाळी. तो आभाराचा आणि कामाचा:

"नमस्कार सर, काल अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी मुलाखत झाली, त्याबद्दल आभार. तुम्ही विचारलेला सीएकडचा अनुभवाचा दाखला सोबत पाठवत आहे. निवड झाल्यास मला सध्याच्या ठिकाणी एक महिन्याची नोटीस द्यावी लागेल, एवढं आपल्या माहितीसाठी."

नोटिशीचा उल्लेख मुद्दाम आहे. मॅनेजरला त्यातून कळतं की एप्रिलमध्ये निर्णय झाला तर माणूस मेमध्ये येणार. जागा रिकामी असेल तर हे वाक्य त्याच्या डोक्यात राहतं. यात "कधी कळेल?" नाही, कारण कालच सांगितलंय.

१९ तारखेला पाडव्याच्या शुभेच्छा पाठवायच्या असतील तर पाठवा, पण नुसत्या शुभेच्छा. शुभेच्छांच्या खाली "सर, माझ्या कामाचं काय झालं?" असं जोडलं की शुभेच्छा खोट्या वाटतात. रोजच्या गुड मॉर्निंगच्या चित्रांबद्दल वेगळं सांगायला नको.

पुढचा आठवडा म्हणजे २३ ते २८ मार्च. तो कोरडा गेला. आता खरी परीक्षा. सर्वसाधारणपणे सांगितलेली मुदत उलटून दोन कामाचे दिवस गेले की विचारायला हरकत नसते. तो हिशोब केला तर ३० किंवा ३१ मार्च येतो, आणि वर्षातले याहून वाईट दिवस नाहीत. साठ्याची मोजणी चालू असताना आलेला मेसेज "नंतर बघू" म्हणून बाजूला पडतो आणि शंभर मेसेजांखाली गाडला जातो. मॅनेजर चिडत नाही, विसरतो. त्यानंतर तुम्ही पुन्हा विचारलं की ते दुसऱ्यांदा विचारणं ठरतं. म्हणून २६ मार्च ते २ एप्रिल पूर्ण गप्प राहायचं.

३ एप्रिलला गुड फ्रायडे. ६ तारखेचा सोमवार रखडलेल्या कामांचा. दुसरा मेसेज ७ एप्रिलला, मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमारास. क्लोजिंगचा धुरळा बसलेला असतो आणि ११ तारखेची गडबड अजून पेटलेली नसते, म्हणून हा दिवस.

"नमस्कार सर, मी १७ मार्चला अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी मुलाखत दिली होती. मार्च क्लोजिंगमुळे निर्णय पुढे गेला असेल याची कल्पना आहे. जागेची प्रक्रिया अजून चालू आहे का, आणि साधारण कधीपर्यंत कळेल, एवढं सांगितलंत तर मला सध्याच्या ठिकाणचं नियोजन करता येईल."

या मेसेजमध्ये तारीख आणि जागेचं नाव आहे, कारण मॅनेजरला तुमचा चेहरा आठवत असेल पण नाव नसेल. उशिराचं कारण तुम्हीच दिल्यामुळे त्याला माफी मागायची किंवा सबब सांगायची गरज उरत नाही. शिवाय प्रश्न असा आहे की तो "हो, २० नंतर" एवढ्या तीन शब्दांत उत्तर देऊ शकतो. "माझी निवड झाली का?" असं विचारलं असतं तर त्याला मालकांकडे जाऊन यावं लागलं असतं. मग तो उत्तरच देत नाही.

उत्तर आलं: "साहेब बाहेरगावी आहेत, आले की सांगतो." इथे बहुतेक जण "ओके सर" लिहून सोडतात. त्याऐवजी पुढची तारीख तुम्हीच सुचवा: "ठीक आहे सर. मग मी २२ तारखेला फोन करू का? तुम्हाला कोणती वेळ सोयीची?" आता २२ तारखेचा फोन हा तगादा राहत नाही, ठरलेली गोष्ट होते. मधली १४ तारीख आंबेडकर जयंतीची, शहर त्या दिवसांत मिरवणुकांच्या तयारीत असतं. आणि २० पर्यंत ३बी. म्हणून २२.

२२ एप्रिलला फोनच करा, मेसेज नको. दोन मिनिटांत बोलणं संपवा. पहिलं वाक्य: "सर, २२ ला फोन करायचं ठरलं होतं, बोलायला वेळ आहे का?" नाही म्हणाले तर वेळ विचारून ठेवून द्या. हो म्हणाले तर एकच प्रश्न: साहेबांशी बोलणं झालं का. फोन उचललाच नाही तर त्या दिवशी पुन्हा लावू नका. संध्याकाळी एक ओळीचा मेसेज पुरे.

तेव्हाही ठोस काही कळलं नाही तर शेवटचा मेसेज मेच्या पहिल्या आठवड्यात, टीडीएसची ३० तारीख आणि महाराष्ट्र दिनाची सुटी उलटल्यावर. त्याबद्दल शेवटी सांगतो.

गप्प राहण्याचा नियम कधी मोडायचा

क्लोजिंगच्या ऐन दिवसांतही विचारावंच लागेल असं एकच कारण मला पटतं: दुसरीकडची खरी ऑफर, जिला उत्तराची मुदत आहे.

आपल्याच मुलीचं उदाहरण घ्या. २८ मार्चला पुण्याच्या एका कंपनीचं ऑफर लेटर आलं, उत्तर २ एप्रिलपर्यंत द्या म्हणाले. तिला सोलापुरात राहायचंय, घरी आई एकटी आहे. तिने आधी पुण्याला विचारायचं: "ऑफरबद्दल आभार. घरच्यांशी बोलून नक्की सांगण्यासाठी ८ एप्रिलपर्यंत वेळ मिळेल का?" बऱ्याच कंपन्या चार-सहा दिवस देतात. मिळाले तर वर सांगितलेला ७ एप्रिलचा मेसेज अगदी वेळेवर जातो, त्यात फक्त ऑफरचं वाक्य जोडायचं.

नाही मिळाले, तर ३० मार्चलाच सोलापूरच्या मॅनेजरला लिहायचं:

"सर, क्लोजिंगच्या दिवसांत त्रास देत आहे, क्षमस्व. मला दुसरीकडून लेखी ऑफर आली असून २ एप्रिलपर्यंत उत्तर द्यायचं आहे. माझी पहिली पसंती आपल्याकडे काम करण्याला आहे. त्याआधी काही सांगता येणं शक्य असेल तर कळवावं. शक्य नसेल तरी अडचण समजू शकते."

पुण्याच्या कंपनीचं नाव आणि पगाराचा आकडा यात नको. विचारले तर खरे सांगा. आणि २ तारखेपर्यंत सोलापूरहून लेखी किंवा निदान स्पष्ट होकार आला नाही, तर पुण्याची नोकरी घ्या. "साहेबांच्या मनात आहे" ही नोकरी नाही. मनावर दगड ठेवावा लागतो हे मला माहीत आहे, तरी हेच सांगेन. नसलेली ऑफर सांगून दबाव आणू नका. सोलापूरचं अकाउंट्सचं वर्तुळ लहान आहे. सीए, बँक आणि कारखाने एकमेकांना रोज फोन करतात, खोटं आठवड्यात उघडं पडतं.

ओळखीचा माणूस आणि गेटवर जाणं

आपल्याकडे बऱ्याच मुलाखती कुणाच्या तरी शब्दावर होतात. काका, जुने सर किंवा शेजारचे, मालकांना ओळखणारे. पाठपुराव्यात त्यांना वापरायचं का? एकदा, आणि तेही फक्त माहितीसाठी. "जागा नवी आहे की जुनी, आणि सही कुणाची बाकी आहे" एवढं त्यांनी विचारून दिलं तर फार मोठं काम होतं. "आमच्या पोराला घ्याच" असा फोन मालकांना क्लोजिंगमध्ये गेला तर मॅनेजर दुखावतो, आणि उद्या काम त्याच्याच हाताखाली करायचंय. वडिलांनी किंवा मोठ्या भावाने एचआरला फोन करणं तर पूर्ण टाळा, हेतू कितीही चांगला असला तरी.

दहा-वीस माणसांच्या युनिटमध्ये प्रत्यक्ष जाऊन विचारलेलं चालतं, उलट मालकांना बरं वाटतं. पण मार्च संपल्यावर, आणि आधी फोन करून. जिथे गेटवर सिक्युरिटी आणि रजिस्टर आहे तिथे न सांगता जाऊ नका, आत सोडणारच नाहीत.

काही ठिकाणी ऐन क्लोजिंगला म्हणतात, "तोपर्यंत चार दिवस येऊन मदत करा, मग बघू." पैसे ठरवून आणि ते मेसेजमध्ये लिहून घेऊन जात असाल तर हरकत नाही. तुमचं काम दिसतं आणि तुम्हालाही ती जागा आतून कळते. फुकट मात्र नको. फुकट मिळणारा माणूस नेमायची घाई कुणालाच नसते.

उशीर आहे की नकार, हे कसं ओळखायचं

कामाच्या खुणा बघा, गोड बोलणं नको. पॅन, आधार, बँकेचं पासबुक, आधीच्या पगाराच्या स्लिपा मागितल्या, यूएएन नंबर विचारला, आधीच्या ठिकाणी फोन करून चौकशी केली, "कधी जॉइन होऊ शकता" असं विचारलं, तर फाइल हलते आहे. अशा वेळी एप्रिलअखेरपर्यंत थांबायला हरकत नाही.

उलट, तुम्ही सुचवलेली पुढची तारीखच ते स्वीकारत नसतील, किंवा दोनदा ठरलेली तारीख काही न सांगता गेली असेल, तर मन दुसरीकडे लावा. तीच जाहिरात पुन्हा दिसली म्हणून मात्र निष्कर्ष काढू नका. नोकरीच्या अ‍ॅपवर जुनी जाहिरात कुणी काढलेली नसते किंवा मुदत आपोआप वाढलेली असते. त्या जागी नवा माणूस बसल्याचं कळलं, तरच विषय संपला.

आणि हे ठळक अक्षरात वाचा: ऑफर लेटर हातात येईपर्यंत सध्याच्या ठिकाणी राजीनामा देऊ नका. त्यात पद, पगार आणि रुजू होण्याची तारीख हवी. "तुझं झालंय समज, नोटीस देऊन टाक" असं फोनवर सांगणारा मॅनेजर प्रामाणिकच असतो, पण एप्रिलच्या बजेटमध्ये मालकांनी ती जागा कापली तर त्याच्या हातात काही नसतं. ऑफर लेटरआधी कुणी डिपॉझिट किंवा फी मागितली तर तो विषय तिथेच थांबवा.

दिवाळी, गड्डा आणि डिसेंबर

पद्धत तीच, तारखा बदलतात. दिवाळीआधी कारखान्यांत बोनस आणि माल पाठवण्याची घाई असते. काही युनिट भाऊबीजेनंतरही लगेच सुरू होत नाहीत, कारण गावी गेलेले कामगार सावकाश परततात. धनत्रयोदशीच्या आधीचा आठवडा सोडा आणि कारखाना पूर्ण सुरू झाल्यावर तीन-चार दिवसांनी विचारा. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेचे मुख्य दिवस संक्रांतीच्या आसपास येतात, तेव्हा शहरातलं ऑफिस चालू असलं तरी निर्णय घेणारी माणसं जागेवर मिळत नाहीत. यात्रेचे ते चार-पाच दिवस जाऊ द्या. पुण्यातल्या किंवा हैदराबादच्या परदेशी कंपनीत मुलाखत झाली असेल तर त्यांचं वर्ष बहुधा ३१ डिसेंबरला संपतं आणि मंजुरी देणारा साहेब नाताळच्या रजेवर असतो. तिथे जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्याआधी उत्तराची अपेक्षा ठेवू नका.

शेवटचा मेसेज

मेच्या पहिल्या आठवड्यातला:

"नमस्कार सर, १७ मार्चच्या मुलाखतीबाबत अजून निर्णय झालेला नसावा असं समजतो/समजते. मी आता इतर ठिकाणीही प्रयत्न करत आहे. पुढे ही किंवा अशी जागा निघाल्यास जरूर कळवावं, आपल्याकडे काम करायला आवडेल. आपण दिलेल्या वेळेबद्दल आभार."

यात राग नको, "निदान नाही तरी सांगायचं" असा टोमणा नको. गंमत म्हणजे याच मेसेजला सगळ्यात जास्त उत्तरं येतात, कारण तो वाचून मॅनेजरला कळतं की उमेदवार हातचा जातोय. कधी उत्तर "या सोमवारी या" असं असतं, कधी "जागा भरली" असं. काहीच आलं नाही तर आणखी विचारू नका.

नंबर मात्र ठेवा. एप्रिल-मेमध्ये नेमलेली काही माणसं पहिल्या दोन-तीन महिन्यांत सोडून जातात आणि जुलै-ऑगस्टमध्ये तीच खुर्ची रिकामी होते. तेव्हा मॅनेजर नवी जाहिरात देण्याआधी फोनमधली जुनी नावं चाळतो. जुलैच्या शेवटी, जीएसटीची २० तारीख उलटल्यावर, दोन ओळींचा मेसेज टाकायला हरकत नाही: मार्चमध्ये भेटलो होतो, आता मला अमुक काम नव्याने येतं, जागा असेल तर कळवा.